परतीचा पास

२०१९ च्या जुलैअखेर उल्हास नदी शेलूतल्या आमच्या घरात शिरली. त्याच रात्री आमच्या पलीकडे, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं होतं. सगळा देश टीव्हीवर ती गाडी बघत होता. आम्ही मात्र पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतून घरातली कागदपत्रं उपसत होतो. कोल्हापूरला जाणारी ती गाडी आणि आमच्या पेटीतला एक कागद एकाच वाटेचे निघतील, हे तेव्हा मनातही नव्हतं.

पेटी आजोबांची. ते रेल्वेत गँगमन होते. खडी ठोकणं, स्लीपर बदलणं, पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन रुळांवरून फिरणं यातच त्यांची उमर गेली. पेटीत सातबाराचे उतारे, पंचांगं, एक पोथी आणि तळाशी कापडात बांधलेलं हाताच्या पंजाएवढं पुस्तक होतं. उघडलं तर लूकचं शुभवर्तमान! आमचं घर माळकऱ्यांचं. आजी एकादशीला पाण्याशिवाय काही घ्यायची नाही. हे पुस्तक आमच्याकडे आलंच कसं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. पानं वाळवायला पंख्याखाली ठेवली, तेव्हा मधून दोन कागद गळून पडले. एक रेल्वेचा पास आणि दुसरी सामानाची पावती.

आमच्या पट्ट्यात ‘पास’ म्हटलं की लोकलचा महिन्याचा पास. शेलूतून दादर-परळकडे जाणाऱ्या माणसाला जीव आणि पास दोन्ही सांभाळावे लागतात. या पासाचं गणितही मजेदार. उपनगरी गाडीच्या दुसऱ्या वर्गाच्या महिन्याच्या पासाला पंधरा एकेरी फेऱ्यांचं भाडं पडतं. जून २०१४ मध्ये ते तीस फेऱ्यांवर न्यायचं ठरलं, तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की चारच दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. पण हातातला कागद त्या जातीचा नव्हता. त्याच्यावर भाड्याचा आकडाच नव्हता.

‘पास’ या शब्दाच्या पोटात दुसरी जात आहे ती रेल्वेच्या नोकरांची. ती विकत मिळत नाही, नोकरीपोटी मिळते. या जातीचा मूळपुरुष शोधायचा तर जीआयपी कंपनीपर्यंत मागे जावं लागतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली आणि तीनच वर्षांत रूळ कल्याण, नेरळ, कर्जत करत खोपोलीला, घाटाच्या पायथ्याशी टेकले. घाटातला मार्ग १८६३ मध्ये झाला. तोवर खोपोलीला उतरून पालखीने किंवा बैलगाडीने घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचं. कंपनीच्या संचालकांपैकी नाना शंकरशेट यांना प्रवासासाठी सोन्याचा पास दिला होता, असं आजही सांगितलं जातं. सोन्याच्या पासापासून गँगमनच्या हातच्या या पातळ कागदापर्यंत वंशावळ एकच. दोन्हींवर लिहिलेलं असतं ते इतकंच की हा माणूस आपला आहे, त्याच्याकडून पैसे घेऊ नका.

कागद वाचता येईना म्हणून कल्याणला राहणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडे गेलो. ते पूर्वी रेल्वेच्या कार्यालयात पास लिहायचे. त्यांनी कागद उजेडाकडे धरला आणि पहिल्यांदा मागची बाजू पाहिली.

“पुढे काय लिहिलंय ते तू वाचशीलच,” ते म्हणाले. “पासाची खरी गोष्ट मागे असते.”

नोकराला वर्षाला पासाचे मोजके सेट मिळायचे. एक सेट म्हणजे दोन तुकडे, एक जायचा आणि एक यायचा. कुठून कुठे, कोणत्या वाटेने, कोणत्या वर्गाने आणि सोबत घरचं कोण, हे सगळं तुकड्यावर लिहिलेलं असायचं. जायचा तुकडा मुक्कामाच्या स्टेशनवर टीसी काढून घ्यायचा आणि यायचा तुकडा घरी परतल्यावर जमा व्हायचा. वाटेत उतरून मुक्काम केला, तर त्या स्टेशनचा शिक्का आणि सही मागे पडायची. तपासनिसाने पाहिला की पंचाचं भोक नाहीतर आद्याक्षरं पडायची. म्हणजे वापरलेला पास कधी कोरा राहत नसे, आणि सहसा तो नोकराकडेही राहत नसे.

आमच्या कागदाची मागची बाजू कोरी होती. भोक नाही, सही नाही, शिक्का नाही.

“हा यायचा तुकडा आहे,” काका म्हणाले. “गेले ते पासावर. आले ते पासावर नाही.”

पुढची बाजू कार्बन घालून लिहिलेली होती. काका म्हणाले ते नशीब. कार्बनची अक्षरं पाण्याने जात नाहीत, शिक्क्याची जांभळी शाई मात्र पसरून डाग झाला होता. छापील इंग्रजी मजकुराखाली हाताने लिहिलं होतं: मिरज ते शेलू, पुणेमार्गे. तिसरा वर्ग. स्वतः, पत्नी, मुलगी एक, वय ४. मुदतीच्या रकान्यात ‘सप्टेंबर’ दिसत होतं, पण त्यापुढचा साल असलेला कोपरा कसरीने खाल्ला होता.

मिरज! आमच्या घरातून मिरजेला कधी कुणी गेल्याचं ऐकलं नव्हतं. आजोबा-आजींच्या एकाच प्रवासाची कथा घरात चालायची, ती पंढरपूरची. आजी सांगायची, “आमी पंढरीला चातुर्मास केला. पाच महिन्यांचा.” आम्ही नातवंडं हसायचो. चातुर्मास पाच महिन्यांचा कसा असेल? ती रागवायची आणि पुढे काही बोलायची नाही. आम्हाला वाटायचं, म्हातारीचा हिशेब चुकतो.

आधी साल काढायचं ठरवलं. माथ्यावर ‘सेंट्रल रेल्वे’ छापलेलं होतं. जीआयपी जाऊन मध्य रेल्वे झाली ५ नोव्हेंबर १९५१ ला, म्हणजे पास त्यानंतरचा. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला, म्हणजे त्याआधीचा. पुण्यापुढच्या वाटेसाठी ‘सदर्न रेल्वे’ असा शेरा होता. तो भाग १९६६ च्या ऑक्टोबरात दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला, म्हणजे त्याच्याही आधीचा. तरी पंधरा वर्षांचं अंतर राहिलंच.

इथे दुसरा कागद कामाला आला. पावती पंढरपूरच्या बुकिंगची होती, एका ट्रंकेची. वजन मण-शेरात आणि पैसे ‘न. पै.’मध्ये, म्हणजे नये पैसे. नये पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. मण-शेर कायद्याने सगळीकडून गेले १९६२ पर्यंत. ही दोन्ही मापं एका पावतीवर भेटायची ती त्या पाच वर्षांतच. आत्याचा जन्म शाळेच्या दाखल्याप्रमाणे १९५४ चा. ती आजोबांची पहिली मुलगी आणि पासावरचं वय चार. पण दाखल्यावरच्या तारखा त्या काळी मास्तर ठरवत, म्हणून तेवढ्यावर मला भरवसा ठेवायचा नव्हता.

खात्री झाली ती आजीच्या चुकलेल्या हिशेबाने. चातुर्मास आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत. तो पाच महिन्यांचा होतो तेव्हाच, जेव्हा मधे अधिक महिना येतो. जुनं पंचांग काढलं. १९५७ ते १९६२ मध्ये दोनच अधिक महिने. १९६१ चा ज्येष्ठ, जो आषाढीच्या आधीच संपतो, आणि १९५८ चा श्रावण. त्या वर्षी आषाढी जूनच्या शेवटी आणि कार्तिकी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पडली होती. आजीचा हिशेब बरोबर होता. चातुर्मास खरंच पाच महिन्यांचा होता.

पण तो त्यांनी पंढरपूरला केला नव्हता.

मिरजेला जाऊन पाच महिने राहण्यासारखं काय होतं? हे सांगायला ते पुस्तक पुरे. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलं. पुढे मिरज आणि सांगलीच्या मधे वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. अशा मिशनच्या दवाखान्यांत रोग्यांच्या हाती शुभवर्तमानाच्या लहान पुस्तिका पडत. आजोबा चौथी शिकलेले, मिळेल ते छापील वाचणारे. त्यांनी ती टाकून दिली नसणार.

आणि मग आजीचा खांदा आठवला. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगलाच खाली होता, पदर त्यावरून सारखा घसरायचा. लहानपणी म्हशीने ढुशी मारली, असं ती सांगायची. मी आईला विचारलं. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, आजी गेली तेव्हा शेवटची अंघोळ घालताना तिच्या पाठीवर व्रण दिसला होता, खांद्याच्या फऱ्याभोवती वळत गेलेला, कोयत्यासारखा. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि वर लुगडं ओढलं. ढुशीचा व्रण असा नसतो, हे आईला तेव्हाच कळलं होतं.

माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी हातवारे करून समजावलं. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडते आणि ती उघडी राहिली की रोग धुमसत राहतो. चांगली औषधं हाती येईपर्यंत त्यावर एक इलाज होता: त्या बाजूच्या काही बरगड्या काढायच्या. छातीची भिंत आत बसते, पोकळी मिटते. सगळ्या बरगड्या एका वेळी काढल्या तर माणूस सोसत नाही, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत शस्त्रक्रिया करत. फऱ्याभोवतीची वळलेली खूण आणि कायमचा उतरलेला खांदा ही त्याची निशाणी. १९५८ म्हणजे अगदी सांध्यावरचं साल. गोळ्या आल्या होत्या, आणि घरी राहून औषधं घेतलेला रोगीही आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो, हे मद्रासच्या अभ्यासातून १९५९ मध्ये जगापुढे आलं. वर्षभर उशिरा आजारी पडली असती तर आजीच्या बरगड्या कदाचित राहिल्या असत्या.

गावात क्षय म्हणजे घरावर काट मारणं. पाणवठा वेगळा, पोरीचं लग्न अडलेलं. भायखळ्याला रेल्वेचं रुग्णालय होतं, पण तिथे लाइनीवरचा कुणी ना कुणी भेटलाच असता आणि संध्याकाळच्या लोकलने बातमी शेलूला उतरली असती. म्हणून मिरज. आषाढीला निघायचं, चातुर्मास सांगायचा. त्यात अधिक मास आल्याने खोटं बोलायला महिना जास्त मिळाला. गँगमनला पावसाळ्यात रजा मिळणं कठीण, कारण रुळांवरची गस्त तेव्हाच सगळ्यात जास्त. काका म्हणाले, वरच्या साहेबाला खरं सांगितल्याशिवाय ती मिळालीच नसती. म्हणजे कार्यालयाला ठाऊक होतं, पास लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. गावाला तेवढं ठाऊक नव्हतं.

उरला एक प्रश्न. येताना फुकटचा पास हातात असताना पैसे मोजून का आले? मुदत सप्टेंबरात संपली होती हे खरं. पण पावती मिरजेची नव्हती, पंढरपूरची होती. ट्रंक तिथे कशी गेली?

त्याचं उत्तर द्यायला एकच माणूस हयात होतं, पासावरची ‘मुलगी एक, वय ४’. आत्या आता बदलापूरला असते. मी तिला मिरज वगैरे काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, “आत्या, लहानपणी पंढरपूरला गेलेलं आठवतं का गं?”

“आठवतं ना,” ती म्हणाली. “गाडी लहान लहान होत गेली.”

मला वाटलं, गाडी दूर जाताना लहान दिसते तसं काही. पण तसं नव्हतं. “म्हणजे आपल्या शेलूची गाडी मोठी. मग कुठेतरी उतरलो आणि त्याच्याहून लहान गाडीत बसलो. धूर येत होता, माझ्या डोळ्यात कोळसा गेला म्हणून मी रडले. मग खूप दिवस एका ठिकाणी राहिलो, तिथे दिवाळीपण झाली. आई लांब व्हरांड्यात कॉटवर असायची, मला जवळ जाऊ द्यायचे नाहीत. मग परत निघालो ते त्याहून लहान गाडीत. इतकी लहान की माणसं खाली उतरून शेतात जायची आणि पळत येऊन पुन्हा चढायची. मग देऊळ. आणि मग एकदम मोठी गाडी, आपल्यासारखी.”

चार वर्षांच्या पोरीने रेल्वेचा नकाशा जसाच्या तसा ध्यानात ठेवला होता.

शेलू, कर्जत, पुणे हा ब्रॉडगेज, रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर. घाटात १९३० च्या आसपासच वीज आली होती, त्यामुळे पुण्यापर्यंत धूर नाही. पुण्याला ट्रंक, वळकटी, आजारी बायको आणि पोर घेऊन पलीकडे मीटरगेजच्या गाडीत बसायचं. रुळांत अंतर एक मीटर, पुढे कोळशाचं इंजिन. जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार, कऱ्हाड करत मिरज. तिथवरचा जायचा पास मिरजेच्या टीसीने काढून घेतला. आज कर्जतला चढलेला माणूस मिरजेला थेट उतरतो, पण ही रुंद लोहवाट पुण्याहून मिरजेला पोचली ती १९७१ मध्ये.

मिरजेहून आणखी एक वाट निघायची, बार्शी लाइट रेल्वेची. रुळांत अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ही लाइन १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली, १९०६ ला पंढरपूरला आणि १९२७ ला मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारने ती घेतली आणि मध्य रेल्वेत घातली, म्हणून पंढरपूरच्या पावतीवरही ‘सेंट्रल रेल्वे’च छापलेलं होतं. आजोबा परतताना या अडीच फुटी गाडीत बसले. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी. आणि कुर्डुवाडीला सोलापूरकडून येणारी मोठी गाडी पकडून पुणे, कर्जत, शेलू. पुणेमार्गे सरळ यायचं सोडून शंभरेक किलोमीटरचा वळसा, तोही सगळ्यात मंद गाडीने, पाठीवरचे टाके नुकते भरलेल्या बायकोला घेऊन.

पासावर वाट स्पष्ट लिहिली होती: पुणेमार्गे. मुदत उरली असती तरी पंढरपूरच्या गाडीत तो चालला नसता. मुदतीनेही तो मेला होता आणि वाटेनेही. नियमाने तो न वापरलेला तुकडा कार्यालयात परत द्यायचा. आजोबांनी दिला नाही. का, ते मी काकांना विचारलं. ते म्हणाले, परत देताना कारण लिहावं लागलं असतं. मला वाटतं, कार्यालयाला सगळं ठाऊकच होतं, तेव्हा ते कारण पुरेसं नाही. पण दुसरं माझ्यापाशी नाही. पावती का राहिली, ते मात्र सोपं आहे. शेलूच्या स्टेशनवर ट्रंक उतरवून घेणारे त्यांच्याच गँगचे होते, पावती कुणी मागितलीच नसेल.

मी आत्यापुढे दोन्ही कागद ठेवले आणि हळूहळू सगळं सांगितलं. मिरज, व्हरांडा, बरगड्या. ती चिडली नाही की रडली नाही. पासावर बोट ठेवून तिने ‘वय ४’ दोनदा वाचलं.

“म्हणजे आम्ही पंढरपूरला गेलो नव्हतो?” तिने विचारलं.

“गेला होतात की. देऊळ आठवतंय ना तुला? कार्तिकी होती.”

“गर्दी होती. बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं. आई बाहेरच बसली, तिला उभं राहवत नव्हतं.” ती पुन्हा कागदाकडे बघत राहिली. “मग घरी आल्यावर तिनं गल्लीत सगळ्यांना बुक्का लावला. प्रसाद वाटला. चुरमुरे आणि बत्तासे. ते तरी खरे पंढरपूरचेच होते.”

मग तिने पास उचलला, मागची कोरी बाजू एकदा पाहिली आणि मला म्हणाली, “हा त्या पुस्तकातच ठेव. आणि ते पुस्तक पोथीच्या खाली नको, शेजारी ठेव.”